निरोपाच्या दिवशीची थट्टा

महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत ३१ मे रोजी निरोप समारंभांची गर्दी उडते. याचं कारण जुन्या शाळांच्या दाखल्यांत आहे. पूर्वी खेड्यापाड्यांत मुलाची जन्मतारीख घरात कुणी लिहून ठेवलेली नसे. जूनमध्ये शाळा सुरू झाली की बाप पोराला घेऊन गुरुजींपुढे उभा राही आणि गुरुजी अंदाजाने १ जून ही तारीख टाकून देत. राज्य सरकारच्या बहुतेक कर्मचाऱ्यांचं निवृत्तीचं वय ५८ आहे. ज्या महिन्यात ते पूर्ण होतं त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी माणूस निवृत्त होतो. ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, तो मात्र आधीच्या महिन्याच्या अखेरीस. त्यामुळे कागदोपत्री १ जूनला जन्मलेली सगळी मंडळी ३१ मे रोजी एकदम घरी जातात.

नेमके हेच दिवस तहसील कचेरीत सर्वांत धावपळीचे असतात. दहावी-बारावीच्या निकालांचे वारे सुरू झालेले असतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र यांसाठी सेतू केंद्रासमोर रांग लागलेली असते. पावसाळ्यासाठी १ जूनपासून चालणाऱ्या नियंत्रण कक्षाच्या पाळ्या लावायच्या असतात. निवृत्त होणाऱ्याला त्याच दिवशी कार्यभार सोपवायचा असतो. या सगळ्यातून पाऊण तास काढून मीटिंग हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या जातात, शाल-श्रीफळ येतं, समोसे आणि वेफर्सच्या पुड्या येतात. मग भाषणं सुरू होतात. सत्कारमूर्ती मनमिळाऊ असतात, कष्टाळू असतात, शांत आणि संयमी असतात, आणि त्यांचं पुढील आयुष्य सुखसमाधानाचं जावो असं सगळे म्हणतात. पाचव्या वक्त्यापर्यंत हे शब्द कुणालाही लावता येतील इतके गुळगुळीत झालेले असतात. तीस-पस्तीस वर्षं एका टेबलावर काढलेल्या माणसाचा चेहरा त्यांत कुठेच दिसत नाही.

तो चेहरा दाखवायची सर्वांत चांगली वाट म्हणजे हलकी थट्टा. पण ती करायला बहुतेक जण घाबरतात, आणि जे घाबरत नाहीत त्यांच्यातले बरेच जण ती वाईट करतात. हे भाषण कसं बांधायचं ते एका कचेरीच्या उदाहरणातून पाहू.

समोर बसवून एखाद्याची जाहीर खिल्ली उडवण्याचा अमेरिकेतला प्रकार न्यूयॉर्कच्या फ्रायर्स क्लबने नावारूपाला आणला. पुढे दूरदर्शन संचांवरून तो घरोघरी गेला. आपल्याकडे डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईत वरळीला तसा एक मोठा कार्यक्रम झाला आणि त्यावरून पुढे पोलिसांत तक्रारी झाल्या. तो नमुना कचेरीत आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे ज्याची खिल्ली उडते तो प्रसिद्ध माणूस स्वतःहून व्यासपीठावर आलेला असतो आणि बोचरं ऐकायला मिळणार हे प्रेक्षकांना माहीत असतं. कचेरीतल्या सत्कारमूर्तीने असं काही कबूल केलेलं नसतं. शिवाय त्याच्या शेजारी त्याची बायको बसलेली असते, मुलगी-जावई असतात, एखादं नातवंड असतं. हा माणूस दिवसभर कचेरीत काय करत होता हे ती मंडळी आयुष्यात पहिल्यांदा आणि बहुधा शेवटचं ऐकत असतात. जे काही बोलाल ते त्यांच्या कानांनी आधी ऐकून बघायला हवं.

थट्टेची आपली रीत लग्नघरातली आहे. विहिणीला चिडवणारी गाणी गावोगावी म्हटली गेली. ज्या विहिणीचा मान ठेवायचा तिलाच ती म्हटली जात, आणि मर्यादा दोन्ही बाजूंना ठाऊक असत. पीटर मॅकग्रॉ आणि कॅलेब वॉरन या अभ्यासकांनी २०१० साली विनोदाबद्दल जी मांडणी केली तिचा आशय याच्या जवळचा आहे. काहीतरी नियम मोडल्यासारखं वाटतं आणि त्याच क्षणी त्यात इजा नाही हेही कळतं, तेव्हा माणूस हसतो. दोन्हींपैकी एक जरी कमी पडलं तरी हसू येत नाही. नुसती स्तुती केली तर काहीच मोडत नाही, आणि खरी जखम उघडी केली तर इजा होते.

आता आपलं उदाहरण. एका तहसील कचेरीत आवक-जावक सांभाळणारे एक अव्वल कारकून आहेत. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. दाराशेजारचं टेबल त्यांचं. त्यांच्या निरोपाच्या भाषणाची जबाबदारी एका महसूल सहायक बाईंवर आली आहे. हातात दहा दिवस आहेत आणि रोजचं काम सुटत नाही.

सामग्री गोळा करताना बहुतेक जण विचारतात, ‘अण्णांचा एखादा गमतीदार किस्सा सांगा ना.’ असं विचारलं की समोरचा गोंधळतो आणि कुठल्या तरी सहलीचा प्रसंग सांगतो. त्याऐवजी विचारावं, ‘अण्णांचं कुठलं वाक्य तुमच्या तोंडात बसलंय?’ या प्रश्नाला उत्तर लगेच येतं, तेही अण्णांच्या आवाजात. पहिल्यांदा विचारावं ते शिपायाला, मग वाहनचालकाला, मग सेतूवरच्या ऑपरेटरला. बदली होऊन गेलेल्या दोघातिघांना फोन करावा. साहेबांना सर्वांत शेवटी विचारावं, कारण साहेबांनी अण्णांचं एकच रूप पाहिलेलं असतं. पु. ल. देशपांड्यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातला सखाराम गटणे आज आठवतो तो त्याच्या पुस्तकी बोलण्यामुळे. माणूस त्याच्या बोलण्यात सापडतो.

बाईंना आठ दिवसांत बरंच मिळालं. अण्णा कुठलाही कागद समोर आला की म्हणतात, ‘आधी आवक करा.’ त्यांचं पंचिंग मशीन टेबलाच्या पायाला सुतळीने बांधलेलं आहे. ई-मेलची छापील प्रत काढल्याशिवाय त्यांना तो आल्यासारखा वाटत नाही. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या डब्यातल्या ठेच्यावर सगळ्यांची नजर असते. त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे भलतंच उत्तर देतात आणि त्याची नक्कल दोन पोरं फार छान करतात. काही वर्षांपूर्वी एका प्रकरणात त्यांची विभागीय चौकशी झाली होती, त्यातून ते निर्दोष सुटले. मुलगा स्पर्धा परीक्षेच्या मागे पाच वर्षं होता आणि त्याला यश आलं नाही. आणि एका बाईचा अर्ज त्यांनी जुन्या नोंदवहीतून शोधून दिला होता.

इथे निवड करायची असते आणि भाषण चांगलं होणार की वाईट हे याच टप्प्यावर ठरतं. कानाची नक्कल सर्वांत जास्त हसवेल, पण ती घ्यायची नाही. शरीरातल्या उणिवेवर हसणं हे मुळातच हीन आहे, आणि अपंग व्यक्तीला हेतुपुरस्सर चारचौघांत अपमानित करणं हा २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने गुन्हाही आहे. मुलाचा विषय तर सोडूनच द्यायचा, कारण मुलगा समोर बसलेला असेल. चौकशीचा उल्लेख ‘निर्दोष सुटले’ असं म्हणूनसुद्धा करायचा नाही. नातेवाइकांना ती गोष्ट ठाऊक नसण्याचा संभव आहे. टेबलाखालच्या व्यवहारांबद्दलचा मोघम विनोद, जो सरकारी कचेरीत लोकांना फार सुचतो, तो इथे सर्वांत घातक ठरतो. ज्याने आयुष्यभर हात स्वच्छ ठेवले त्याला तो चिखल वाटतो आणि ज्याने ठेवले नाहीत त्याला तो आरोप वाटतो. पेन्शनचं प्रकरण अजून महालेखापालांकडे जायचं असताना असा शब्द कुणालाच नको असतो. जात, आडनाव आणि गाव यांवरून केलेला विनोदही याच गठ्ठ्यात बांधून बाजूला ठेवायचा.

निवृत्त होणारी व्यक्ती स्त्री असेल तर ‘आता घरी सुनेला धाक’, ‘आता स्वयंपाकघर सांभाळा’, साडी आणि वय हे विषय आपोआप जिभेवर येतात. त्यांत एक तर तिच्या कामाचा पत्ता नसतो. दुसरं म्हणजे कार्यालयीन कार्यक्रमात केलेली शेरेबाजी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याच्या कक्षेत जाऊ शकते. बाईंच्या कामातली खोड शोधावी, जशी अण्णांच्या कामातली शोधली.

ठेच्याचा विषय निरुपद्रवी आहे, तरी तोही वगळायचा, कारण तो पुढे कुठे जात नाही. ज्या खोडीची दुसरी बाजू त्या माणसाचा सर्वांत मोठा गुण असेल ती एकच खोड निवडायची, अशी माझी पक्की समजूत आहे. ‘आधी आवक करा’ या वाक्याने माणसं वैतागतात, आणि त्याच वाक्यामुळे कागद हरवत नाहीत. भाषणाच्या पहिल्या भागात वैताग दाखवायचा आणि शेवटच्या भागात त्याच वाक्याची किंमत दाखवायची. ठेच्याला अशी दुसरी बाजू नाही. पंचिंग मशीनला आहे, म्हणून ते जोडीला चालतं.

बाईंचा पहिला मसुदा बिघडला. त्यात एक वाक्य होतं, ‘अण्णांच्या आवक-जावकपायी लोक रांगेत म्हातारे झाले.’ वाचताना हसू येतं, पण हॉलमध्ये तहसीलदार बसलेले असणार. त्यांच्यासमोर हे वाक्य कामाच्या दिरंगाईची तक्रार होतं. शिवाय हसण्याचा भार रांगेतल्या गरजू माणसांवर पडतो. यावर एक साधा उपाय आहे. प्रत्येक किश्श्यात अण्णा जिंकले पाहिजेत आणि सांगणारा हरला पाहिजे. रांग काढून टाका आणि तिथे स्वतःला उभं करा. अण्णांचा नियम तोच राहतो, त्याचा फटका मात्र वक्त्याला बसतो, आणि अण्णा निर्धास्तपणे हसू शकतात. मसुदा तपासताना प्रत्येक किश्श्यापुढे ‘यात कोण जिंकलं?’ एवढंच लिहून बघावं.

अण्णांना आधी कल्पना द्यावी का? संपूर्ण भाषण दाखवू नये, पण थोडी थट्टा करणार आहे एवढं सांगावं आणि विचारावं, ‘कुठला विषय नको?’ बहुतेक माणसं हसून म्हणतात, काहीही बोल. एखादा क्षणभर थांबतो आणि एक गोष्ट सांगतो. ती गोष्ट मग कुणाच्याही आग्रहाखातर घ्यायची नाही. मसुदा मात्र अण्णांच्या जवळच्या एका सहकाऱ्याला वाचून दाखवावा, शक्यतो जो फार हसत नाही अशाला.

लांबी पाच मिनिटांची ठेवावी. लिहिलेलं भाषण पाचशे शब्दांच्या आत असावं. हसण्याचे थांबे धरले की तेवढ्याला पाच मिनिटं लागतातच. घरी मोठ्याने वाचून घड्याळ लावावं, मनातल्या मनात वाचलं तर वेळ नेहमी कमी भरतो. कचेरी सुटायची वेळ सव्वासहाची आणि पुष्कळांना एसटी गाठायची असते, तेव्हा सहाव्या मिनिटाला दारातून माणसं निघायला लागतात.

बाईंचं भाषण शेवटी असं उभं राहिलं:

‘आदरणीय तहसीलदार साहेब, काकू, अण्णांच्या घरची सगळी मंडळी आणि माझ्या सहकाऱ्यांनो,

हे भाषण लिहून झालं तेव्हा वाटलं, अण्णांना एकदा दाखवावं. पण मी नेलं नाही. कारण ते न वाचताच काय म्हणाले असते हे मला माहीत होतं.

बघा, सगळा हॉलच म्हणतोय: आधी आवक करा.

मी इथे रुजू झाले त्या दिवशी नेमणुकीचा आदेश घेऊन अण्णांच्या टेबलापाशी उभी राहिले. वाटलं, म्हणतील ये बाळ, बस, पाणी घे. अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग आदेशाकडे बघितलं आणि आदेशाला आधी बसवलं. शिक्का मारला, क्रमांक टाकला, आणि मग मला म्हणाले, आता तू आलीस.

पुढे माझं लग्न ठरलं. कचेरीतली पहिली पत्रिका अण्णांना दिली. त्यांनी ती पुढून वाचली, मागून वाचली आणि म्हणाले, दिनांक आहे, वेळ आहे, स्थळ आहे, जावक क्रमांक कुठाय? मी हिरमुसले. पण लग्नाला कचेरीतून सर्वांत आधी कोण आलं? अण्णा आणि काकू. आहेराच्या पाकिटावर कोपऱ्यात क्रमांक एक आणि त्या दिवसाची तारीख. माझ्या नवऱ्याने विचारलं, हे काय? मी म्हटलं, काळजी करू नका, आपलं लग्न आता नोंदलं गेलं.

मग ई-ऑफिस आलं. अण्णा प्रशिक्षणाला गेले, पहिल्या रांगेत बसले आणि संगणकाविषयीचं सगळं ज्ञान वहीत उतरवून आणलं. परत आले त्या दिवशी पहिला ई-मेल आला. अण्णांनी तो उघडला, वाचला, छापला, त्यावर गोल शिक्का मारला. मी म्हटलं, अण्णा, तो सकाळीच आलाय. अण्णा म्हणाले, सकाळी निघाला होता, आला आत्ता.

आणि ते पंचिंग मशीन! मशीनला सुतळी आणि सुतळीला टेबलाचा पाय. मी नवीन असताना ते मागायला गेले. अण्णा म्हणाले, मशीन येणार नाही, कागद घेऊन ये. मी सगळा गठ्ठा छातीशी धरून आणला, टेबलापाशी ओणवी होऊन भोकं पाडली. तेव्हापासून मी स्वतःची तीन मशीनं आणली आणि तिन्ही हरवली. अण्णांचं अजून जागेवर आहे. आता त्यांच्यानंतर ती सुतळी कुणी सोडायची, यावर साहेबांना टिपणी सादर करावी लागेल.

आता एक गोष्ट सांगते, ती हसायची नाही. एके दिवशी एक आजी आल्या. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज दिला होता म्हणाल्या. पोच नव्हती, प्रत नव्हती, तारीख माहीत नव्हती. एवढंच आठवत होतं की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कचेरीत आले होते. मी त्यांना म्हटलं, आजी, नवीन अर्ज करा. अण्णांनी ते ऐकलं. त्यांनी आजींना खुर्ची दिली, पंचांग बघून पोळ्याची तारीख काढली, कपाटावरून त्या वर्षाची नोंदवही उतरवली आणि दुसऱ्या दिवसाच्या पानावर बोट ठेवलं. आजींचं नाव तिथे होतं. अर्ज त्याच नावाच्या दुसऱ्या गावाच्या गठ्ठ्यात गेला होता. तो निघाला.

आजींना त्या दिवशी कुणी खोटं ठरवू शकलं नाही, कारण त्या आल्या होत्या हे अण्णांनी लिहून ठेवलं होतं. तेव्हापासून मी स्वतः प्रत्येकाला सांगते. काय सांगते?

आधी आवक करा.

अण्णा, हा भाषणाचा कागद तुमचा. कोपऱ्यात क्रमांक आणि तारीख मी हाताने घातली आहे. शिक्का मारला नाही, तो हक्क तुमचाच.’

या भाषणात तेच वाक्य दोनदा आलं आहे. पहिल्यांदा ते हॉल म्हणतो, कारण सुरुवातीलाच सगळ्यांना सामील करून घेतलं की वक्त्याची भीती निम्मी होते. मधल्या किश्श्यांत ते शब्दशः येत नाही, फक्त त्याची कृती दिसते. शेवटी ते पुन्हा येतं तेव्हा तेच शब्द असूनही लोक वेगळ्या कारणाने टाळ्या वाजवतात. हे साधण्यासाठी आजींची गोष्ट खरी असावी लागते. निरोपाच्या भाषणात विनोदाला थोडी फोडणी चालते, सगळे ती ओळखतात. मात्र ज्या गोष्टीवर भाषण वळतं ती तपासूनच घ्यावी. बाईंनी ती अण्णांना न विचारता शिपायाकडून आणि त्या वेळच्या दुसऱ्या कारकुनाकडून पडताळली होती. आजींचं नाव आणि गाव मात्र सांगितलं नाही, आणि तेच बरोबर.

कागदावर क्रमांक टाकण्याची कल्पना सुचली तेव्हा एका सहकाऱ्याने म्हटलं, खरोखरच नोंदवहीत चढवू या आणि गोल शिक्काही मारू. बाईंनी नकार दिला. आवक नोंदवही हा सरकारी अभिलेख आहे, त्यात गंमत म्हणून नोंद करता येत नाही, आणि अण्णांना ते मुळीच रुचलं नसतं. ज्याच्या शिस्तीचं कौतुक करायचं त्याची शिस्त कौतुकासाठी मोडायची नाही.

कार्यक्रमात हे भाषण कुठे ठेवायचं यालाही महत्त्व आहे. स्वागत आणि सत्कारानंतर एक-दोन साधी मनोगतं होऊ द्यावीत, म्हणजे मान राखला गेला आहे हे घरच्यांना दिसतं. मग थट्टेचं भाषण, मग साहेब, आणि शेवटी सत्कारमूर्तीचं उत्तर. सर्वांत आधी बोललात तर थट्टा अंगावर आल्यासारखी वाटते. सर्वांत शेवटी ठेवलंत तर अण्णांना उत्तर द्यायला जागा उरत नाही. चांगल्या भाषणातून त्यांच्या हाती उत्तराचा धागा जायला हवा. वरच्या भाषणात तो सुतळीचा आहे. अण्णा उठून म्हणू शकतात, ‘सुतळी सोडायची नाही.’ आधीच्या वक्त्याला रडू कोसळलं असेल तर लगेच उभं राहू नये, मध्ये सूत्रसंचालकाला एखादा हार-गुच्छ घेऊ द्यावा. त्याच दिवशी दोघं निवृत्त होत असतील तर एकाची थट्टा आणि दुसऱ्याची नुसती स्तुती करणं वाईट दिसतं. दोघांना सारखा वेळ आणि सारखाच रंग द्यावा.

बोलताना नजर अण्णांवर ठेवायची. प्रेक्षकांकडे बघून बोललं की अण्णांच्या पाठीमागे बोलल्यासारखं होतं. ‘ते म्हणाले’पेक्षा ‘अण्णा, तुम्ही म्हणालात’ असं अधूनमधून आलं तर उत्तम. हसू आलं की ते ओसरेपर्यंत थांबायचं, घाईने पुढचं वाक्य टाकलं तर पंख्याच्या आवाजात ते विरून जातं. हसू आलंच नाही तर वाक्य पुन्हा सांगायचं नाही आणि ‘गंमत अशी की’ म्हणून उकलायचंही नाही. सरळ पुढे जायचं. दारात एखादा माणूस दाखल्यासाठी डोकावतो, कुणाचा तरी फोन वाजतो, जिल्ह्याहून व्हीसीचा निरोप येतो. अशा वेळी कागदावर कुठला किस्सा गाळायचा हे आधीच खूण करून ठेवलेलं असावं. बाईंच्या भाषणात ई-मेलचा किस्सा काढला तरी धागा तुटत नाही. आजींचा काढला तर सगळंच कोसळतं.

थट्टा बोचते आहे हे ओळखता येतं. खरं हसणारा माणूस हॉलच्या आधी किंवा हॉलबरोबर हसतो. ज्याला लागलं आहे तो आधी आजूबाजूला बघतो, बहुधा बायकोकडे, आणि मग उशिरा हसतो. हातातला रुमाल घट्ट होतो, श्रीफळ एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर जातं. असं दिसलं तर पुढचा किस्सा सोडून थेट शेवटच्या गोष्टीवर यावं. माफी मागत बसू नये, त्याने सगळ्यांचं लक्ष त्या जागेवर जातं. नंतर चहाच्या वेळी जवळ जाऊन, खालच्या आवाजात, दोन शब्द बोलावेत.

आणखी एक अडचण वक्त्याच्या स्वतःच्या मनात असते. सगळ्यांशी सगळ्यांचं पटलेलं नसतं. अण्णांनी कधी रजा नामंजूर करायला लावलेली असते, कधी चारचौघांत झापलेलं असतं. तो राग विनोदाच्या वेषात बाहेर येतो आणि ऐकणाऱ्यांना तो तत्काळ ओळखू येतो. ज्याच्या मनात अशी अढी आहे त्याने भाषण दुसऱ्याला द्यावं. अण्णांच्या आडून साहेबांना टोमणा मारण्याचा मोहही असाच आवरावा. निवृत्त होणारा उद्या येणार नाही, पण त्याच्या खांद्यावर ठेवलेल्या बंदुकीचा हिशेब मागे राहिलेल्यांना द्यावा लागतो.

या ३१ मेला वक्त्यांच्या यादीत तुमचं नाव असेल तर आजच शिपायाजवळ जाऊन बसा आणि विचारा, अण्णांचं कुठलं वाक्य तुझ्या तोंडात बसलंय. आणि भाषण झालं की तो कागद खिशात घालून घरी नेऊ नका, सत्कारमूर्तीच्या हाती द्या.